कोणाच्या फोनवरची कथा?

दोन शाळासोबतिणींनी एकमेकींना फोनवर पाठविलेले लेखी मेसेज आणि व्हॉइस नोट, एवढ्याच सामग्रीतून रचलेली एक कथा हस्तलिखित स्वरूपात माझ्यापुढे आहे. तीत निवेदक नाही, वर्णन नाही, 'ती म्हणाली' असे एकही वाक्य नाही. लेखिका नवी आहे आणि कथा अद्याप प्रसिद्ध व्हायची आहे, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. कथा सदोष आहे. पण आपल्या साहित्यापुढे एक जुनाच प्रश्न ती नव्या साधनातून उभा करते, म्हणून तिची चिकित्सा केली पाहिजे असे मला वाटते.

कथानक थोडे आहे. सुमन आणि कांता मराठवाड्यातल्या एका खेड्यातील शाळेत दहावीपर्यंत एका वर्गात होत्या. सुमन मराठा, कांता बौद्ध. सुमनचे लग्न शेजारच्या गावात झाले आणि ती शेती पाहते. कांता पुण्यात सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. 1996 च्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा ठरतो. त्यात वर्गशिक्षकांचा सत्कार व्हायचा आहे आणि कांताने 'आपल्या तुकडीचे नाव काढणारी मुलगी' म्हणून दोन शब्द बोलावेत अशी सर्वांची इच्छा आहे. तिला राजी करण्याचे काम सुमनवर येते. ती गळ घालत राहते, कांता टाळत राहते, आणि एका रात्री कांता का येणार नाही ते सांगते. कथा एवढीच आहे.

या कथेत कोण बोलते आणि कोण लिहिते, हे पाहिले पाहिजे. सुमन सतरा व्हॉइस नोट पाठवते. भाकरी थापताना, शेताच्या बांधावरून, एसटीची वाट पाहताना ती बोलते आणि बोट उचलते. मागे काय वाजते आहे, कोण ऐकते आहे, याची तिला फिकीर नाही. कांता मात्र लिहिते. स्वच्छ देवनागरीत, विरामचिन्हांसह, प्रमाण मराठीत. 'कळवते.' 'रजेचे पाहावे लागेल.' 'सध्या सांगता येणार नाही.' प्रथमदर्शनी हे उलटे वाटते. शिकलेला लिहितो आणि न शिकलेला बोलतो, अशी आपली समजूत असते, आणि येथे तर दोघींचे शालेय शिक्षण सारखेच आहे. लेखिकेने हा भेद शिक्षणावर आधारलेला नाही, हे तिचे सामाजिक भान होय. बेफिकीरपणे बोलणे ही गावात ज्याची जागा पक्की आहे त्याची चैन असते. कांताला शाळेपासून ठाऊक आहे की तोंड उघडले की उच्चारावरून वस्ती ओळखली जाते, आणि बोललेला शब्द कोण कोठे कसा सांगेल याचा नेम नसतो. लिहिलेले मात्र चार वेळा वाचून पाठविता येते. तिचे प्रमाण मराठी हे तिचे चिलखत आहे.

हे समजून घेण्यासाठी आपल्या वस्तीतील पत्रव्यवहार आठवावा. मुंबईहून गिरणीतल्या माणसाचे पत्र आले की ते शाळेत जाणाऱ्या पोराकडून किंवा मास्तरांकडून वाचून घ्यावे लागे. उत्तरही दुसऱ्याच्याच हाताने जाई. नवऱ्याला काय कळवायचे ते बायकोने तिसऱ्या माणसाच्या देखत सांगायचे आणि त्याने ते आपल्या भाषेत 'सा. न. वि. वि.' घालून उतरवायचे. ज्या स्त्रीच्या नावाने पत्र जाई तिचा एकही शब्द त्यात जसाच्या तसा नसे. व्हॉट्सअ‍ॅपवर 2013 साली ध्वनिमुद्रित संदेशाची सोय झाली तेव्हा हा मधला माणूस नाहीसा झाला. अक्षर न येणाऱ्या आईचा आवाज तिच्या शब्दांत, तिच्या खोकल्यासकट मुलापर्यंत जाऊ लागला. म्हणून या साधनातून कथा लिहिणे ही केवळ तंत्राची हौस नाही. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांच्यातील जो झगडा दलित साहित्याने चालविला, तो येथे कथेच्या घडणीतच येऊन बसतो.

पत्रांतून कथा सांगण्याची रीत जुनी आहे. पण पत्र, शाळेतली मैत्री आणि जात ही तिन्ही एकत्र आलेली कादंबरी पाहायची तर आफ्रिकेतील सेनेगल देशात जावे लागते. मारियामा बा यांची फ्रेंच कादंबरी 1979 साली प्रसिद्ध झाली. 'सो लाँग अ लेटर' या नावाने ती इंग्रजीत आली. रामातुलाय ही नुकतीच विधवा झालेली शिक्षिका आपली शाळेपासूनची मैत्रीण ऐसातू हिला लांबलचक पत्र लिहिते, हीच सगळी कादंबरी. ऐसातू सोनाराची मुलगी आहे, आणि तेथील समाजात सोनार ही खालची जात. तिचा नवरा डॉक्टर. पण त्याच्या आईला आपल्या राजघराण्याचा अभिमान आहे. सोनाराची पोर सून म्हणून आली हे तिला सहन होत नाही. ती आपल्या भाचीला हाताशी धरून वाढवते आणि मुलाला दुसरी बायको म्हणून देते. ऐसातू चारही मुलांना घेऊन घर सोडते, शिकते, दुभाषी होते आणि अमेरिकेतील सेनेगलच्या वकिलातीत नोकरी करते.

ही कादंबरी मोठी आहे यात शंका नाही. पण आपल्या बाजूने वाचली की एक गोष्ट लक्षात येते. जिच्यावर जातीचा घाव बसला ती ऐसातू कादंबरीभर बोलत नाही. तिची कहाणी तिलाच सांगितली जाते, आणि सांगते तिची मैत्रीण. ऐसातूचे स्वतःचे म्हणता येईल असे एकच लेखन त्यात सविस्तर येते. घर सोडताना तिने नवऱ्यासाठी ठेवलेले ते पत्र होय, आणि तेही रामातुलायच्या पत्रात उद्धृत होऊन येते. मैत्रीण प्रेमळ आहे, प्रामाणिक आहे, ऐसातूच्या धैर्यापुढे नम्र आहे. तरीही लेखणी तिच्या हातात आहे. पत्राच्या रूपाचाच हा गुण आहे: जो लिहितो त्याचे जग उभे राहते आणि ज्याला लिहिले जाते तो पत्त्यापुरता उरतो.

म्हणून संदेशांच्या कथेला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ही कथा आपण कोणाच्या फोनवर वाचत आहोत? निवेदक नाही म्हणून दृष्टिकोन नाही, अशी अनेकांची समजूत होईल. ती चुकीची आहे. समोरच्याचे नाव कसे साठवले आहे हे फक्त त्या फोनच्या मालकालाच दिसते. आपला संदेश पोचला की नाही, वाचला की नाही, याच्या खुणा फक्त पाठविणाऱ्याच्या फोनवर उमटतात. प्रस्तुत कथेत समोरचे नाव 'सुमन शाळा' असे आहे आणि खुणा कांताच्या संदेशांपुढे आहेत. म्हणजे फोन कांताचा आहे. सुमन कितीही बोलली तरी नोंद कांताजवळ राहते. सेनेगलच्या कादंबरीत जी जागा ऐसातूला मिळाली नाही ती येथे कांताला मिळाली आहे. कमी बोलणारी बाई दप्तराची मालक आहे. या कथेचे खरे बळ येथे आहे.

आता कथेचा गाभा पाहू. सुमनच्या एका व्हॉइस नोटमध्ये ती जुन्या आठवणीत रमते. शाळेच्या ओसरीवर पाण्याचा रांजण होता. कांताला त्याला हात लावता येत नसे. सुमन म्हणते, 'सगळ्या पोरी लांब उभ्या राहायच्या बघ. मीच तुला वरून पाणी वाढायचे. घरी मार खाल्ला त्याच्यापायी, पण वाढायचे. आठवतं का गं कांते?' ती हे अभिमानाने सांगते, आणि तिचा अभिमान खोटा नाही. तिने खरोखरच मार खाल्ला आहे. कांताच्या बाजूने यावर एकच नोंद येते: 'You deleted this message'. मग पाच मिनिटांनी सुमनला अंगठा जातो.

लेखिकेने सुमनला दुष्ट केले नाही, हे फार चांगले केले. गावगाड्यातल्या क्रौर्याची चित्रे आपल्याकडे पुष्कळ आली आणि ती यायलाच हवी होती. पण मायेच्या पोटात बसलेली जात दाखविणे अधिक कठीण असते. दोघींना एकच प्रसंग आठवतो. एकीला तो मैत्रीचा पुरावा वाटतो, दुसरीला मिंधेपणाचा. पुढे कांता आपल्या व्हॉइस नोटमध्ये जे सांगते त्यात दोन गोष्टी आहेत. सुमन शाळेत नसेल त्या दिवशी तिला पाणीच मिळत नसे, ही पहिली. आणि दुसरी अशी: 'तू पाणी दिलंस. तांब्या नाही दिलास.' महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी स्वतःच्या ओंजळीने घेतले. कोणी दयाळू माणसाने वरून वाढावे अशी ती मागणी नव्हती. पाणी मिळणे आणि पाणी घेणे यांतील हा फरक लेखिकेने महाडचे नावही न घेता दोन लहान वाक्यांत आणला आहे. सत्कार व्हायचा ते गुरुजी रोज हा प्रकार पाहत आणि फळ्याकडे वळत, एवढेच कांता त्यांच्याविषयी सांगते. तेवढे पुरे आहे.

दोष मात्र सांगितलेच पाहिजेत. पहिला दोष खोडलेल्या संदेशाचा. पाठविलेला संदेश दोघांच्याही फोनवरून पुसण्याची सोय 2017 साली आली. पुसल्यावर मजकूर जातो, पण संदेश पुसला गेल्याची ओळ दोन्हीकडे राहते. फाडलेल्या पत्राचे असे होत नाही; ते लिहिले होते हेही कोणाला कळत नाही. येथे गिळलेल्या शब्दाचा व्रण राहतो आणि सुमनलाही तो दिसतो. इतके चांगले साधन हाती असताना हस्तलिखितात लेखिकेने त्या ओळीखाली कंसात पुसलेला मजकूरही दिला आहे: 'मला ते पाणी अजून कडू लागते.' हा मजकूर वाचतो कोण? सुमनच्या फोनवर तो नाही, आता कांताच्या फोनवरही नाही. ज्या निवेदकाला लेखिकेने दारातून घालविले तो कंसाच्या खिडकीतून आत आला आहे. ते वाक्य कितीही आवडले तरी काढले पाहिजे.

दुसरा दोष या रूपातल्या बहुतेक कथांना जडेल असा आहे. दोघींना ठाऊक असलेली गोष्ट वाचकाला कळावी म्हणून एक दुसरीला सांगते. 'तुला माहीतच आहे की आपल्या शाळेत दोन खोल्या होत्या आणि आमचा वाडा गावकुसाबाहेर होता', असे कांता सुमनला लिहिते. तीस वर्षांच्या मैत्रिणी असे लिहीत नाहीत. एकाच काळाच्या साक्षीदार असलेल्या माणसांत माहिती निघते ती मतभेदातून. सुमन म्हणते रांजण लिंबाखाली होता, कांता लिहिते की नाही, ओसरीवर, कारण तिला ओसरीची पायरी चढता येत नव्हती. अशी एक जागा कथेत आहे आणि तीच खरी वाटते. वाचकाला शाळा दिसते, पायरीही दिसते, आणि ती पायरी कोणाच्या लक्षात राहिली हेही कळते.

तिसरा दोष मोठा आहे. कांताची ती एकमेव व्हॉइस नोट चार मिनिटे बारा सेकंदांची आहे. लेखिकेने ती सबंध छापील निबंधासारखी लिहिली आहे. त्यातले एक वाक्य असे: 'ज्या दिवशी तू शाळेत येत नसायचीस, त्या दिवशी मी दिवसभर तहानलेली राहत असे.' हे वाक्य लिहिलेले आहे, बोललेले नाही. रात्रपाळी संपवून, जिन्यात उभी राहून, आयुष्यात प्रथमच हे सांगणारी बाई 'राहत असे' म्हणेल का? ती म्हणेल: 'तू नसली ना सुमे शाळेत… त्या दिवशी पाणीच नाही. दिवसभर नाही. घरी जाऊनच.' पहिल्या वाक्यात तहानेची माहिती आहे, दुसऱ्यात तहान आहे.

पण नुसती बोली वापरा असा सल्ला देऊन भागणार नाही. कांता पंचवीस वर्षे शहरात आहे. तिच्या जिभेवर दोन भाषा आहेत. ती सुरुवात करील ती कामावरच्या भाषेत: 'सुमन, मी कांता बोलते आहे, जरा शांतपणे ऐक.' आणि बोलता बोलता एका जागी ती भाषा सुटेल. 'सुमन'ची 'सुमे' होईल. चिलखत गळून पडते ती जागा कोणती, हे शोधणे लेखिकेचे खरे काम होते. माझ्या मते ती रांजणाशी नाही, गुरुजी फळ्याकडे वळले तेथे आहे. लेखिकेने सर्व नोट एकाच भाषेत लिहिल्यामुळे ही जागा कथेत उरलीच नाही. आणि सुमनच्या नोट मात्र तिने उत्तम बोलीत उतरविल्या आहेत. म्हणजे सवर्ण मैत्रिणीला तिचा आवाज मिळाला आणि दलित मैत्रिणीला मिळाले शुद्धलेखन. हेतू तसा नसेल, पण परिणाम तसा झाला आहे.

आवाज कागदावर उतरविताना काय हरवते, हे ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 सालच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीत एका स्त्रीपात्राने फार नेमके ओळखले आहे. डॉक्टर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. मीना ती ऐकते आणि टंकयंत्रावर उतरवून काढते. त्या यंत्रात त्याच्या काळजाची वेदना उघडी ऐकू येते. आता शब्द उतरवले आहेत, तेव्हा ती पुन्हा कोणाला ऐकावी लागणार नाही, असा दिलासा ती त्याला देते. तिच्या दृष्टीने टंकलेखन हे वेदना झाकण्याचे साधन आहे. आपल्याला नेमके उलटे हवे आहे. पी. ई. सोनकांबळे, लक्ष्मण माने, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांची आत्मकथने आली तेव्हा बोलणे कागदावर कसे आणावे हाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि त्यांनी प्रमाण मराठीला वाकवून तो सोडविला. तो वारसा असताना आपल्या नव्या लेखिकेने कांताला मीनाच्या टंकयंत्रावर बसवू नये.

येथे एक आक्षेप येईल. ती नोट छापूच नये. फक्त '4:12' एवढा आकडा दाखवावा आणि बाकी वाचकाच्या कल्पनेवर सोडावे, त्यात अधिक कला आहे, असे अभिरुचीसंपन्न टीकाकार म्हणतील. मला हे मान्य नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण ध्वनी व चित्रे वगळून मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून घेतले, की जेथे जेथे व्हॉइस नोट होती तेथे `<Media omitted>` एवढेच छापून येते. लिहिणारा टिकतो, बोलणारा गळतो. आपल्या इतिहासाची दप्तरे याच रीतीने तयार झाली आहेत. ज्यांचे बोलणे हजारो वर्षे वगळले गेले त्यांच्या बाबतीत 'न सांगण्यातली कला' हा पर्याय इतका निष्पाप नसतो. न बोलणे कांताने पुष्कळ केले. पुसलेल्या संदेशाची ती ओळ त्यासाठी पुरेशी आहे. शेवटी तिने बोलायचे ठरविल्यावर ते वाचकाच्या कानी पडलेच पाहिजे.

कथेचा शेवट मात्र निर्दोष आहे, आणि तो या साधनाच्या बारकाव्यावर उभा आहे. संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा 2014 साली आल्या. त्या ज्याला नको असतील त्याला बंद करता येतात. सुमनने त्या बंद केल्या आहेत, म्हणून कांताचे लेखी संदेश तिने वाचले की नाही हे कांताला कधीच कळत नाही. पण व्हॉइस नोट ऐकल्याची खूण बंद करता येत नाही. ऐकले की पाठविणाऱ्याच्या फोनवरचे मायक्रोफोनचे चिन्ह निळे होते. चोरून वाचता येते, पण नोट तेथेच वाजवली तर चोरून ऐकता येत नाही. कांताची नोट जाते. दोन करड्या खुणा येतात. मायक्रोफोन करडाच राहतो. स्नेहमेळावा होऊन जातो. सुमनकडून ना फोटो, ना निरोप. अकराव्या दिवशी कथेची शेवटची नोंद येते: नोट ऐकली, रात्री 2 वाजून 10 मिनिटे. त्यापुढे काही नाही.

सुमनने काय उत्तर दिले असते, ती रडली की रागावली, हे लेखिका सांगत नाही; सांगूही शकत नाही, कारण फोन कांताचा आहे. आपल्याला एवढेच कळते की अकरा दिवस तिला धैर्य झाले नाही, आणि मग घर झोपलेले असताना तिने ते चार मिनिटे ऐकले. आणि आणखी एक गोष्ट कळते. ऐकल्याची नेमकी वेळ आपोआप समोर येत नाही. संदेशाची माहिती उघडून पाहावी लागते. म्हणजे कांता ती उघडून पाहत होती. तिला उत्तराची गरज नसेल, पण ऐकले गेले की नाही याची गरज आहे. येथे मैत्री तुटली असे म्हणता येत नाही आणि जुळली असेही म्हणता येत नाही. समेटाचा गोड शेवट करून सवर्ण वाचकाला मोकळे सोडण्याचा मोह लेखिकेने टाळला आहे.

कथेने एक शक्यता हाताळलेली नाही, ती नोंदवून ठेवतो. व्हॉइस नोट पुढे पाठविता येते. चार मिनिटांचा तो आवाज सुमनच्या फोनवरून सबंध तुकडीच्या ग्रुपवर जाऊ शकतो आणि गावभर वाजू शकतो. कांता आजवर लिहीत आली ती याच भीतीने. मग ती शेवटी बोलली तेव्हा ही भीती तिच्या मनात नसेल कशी? नोटमध्ये एक वाक्य तरी याविषयी हवे होते. 'कुणाला ऐकवू नको' असे ती म्हणेल, की 'ऐकवायचं तर ऐकव सगळ्यांना' असे म्हणेल? या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या कांता उभ्या राहतात. लेखिकेने पुनर्लेखनाला बसताना आधी हे ठरवावे. ते ठरले की ती नोट कोणत्या भाषेत बोलायची, हेही आपोआप ठरेल.